मराठी शोधनिबंध इंग्लिश जर्नलला पाठवताय? आधी हे वाचा

बरेच जण आम्हाला म्हणतात, निबंध तयार आहे, फक्त इंग्लिश करून द्या. पण इंट्रोडक्शन, मेथड्स, फाइंडिंग्ज, डिस्कशन असे चार भाग मागणारं जर्नल असेल तर नुसतं भाषांतर केलेला पेपर रिव्ह्यूला जायच्या आधीच परत येऊ शकतो.

समजा तुमचा निबंध जात्यावरच्या ओव्यांवर आहे. सुरुवात ज्ञानेश्वरीपासून, मग जात्याचं वर्णन, मग एकेक ओवी आणि तिच्याखाली रसग्रहण. यात मेथड्स नाहीत असं वाटतं, पण असतात हो, फक्त विखुरलेल्या असतात. मधेच कुठेतरी "एका आजींनी सांगितलं", तळटीपेत "दिवाळीच्या सुट्टीत रेकॉर्डिंग केलं", आणि ऋणनिर्देशात गावातल्या ज्या मावशींचे आभार मानलेत त्यांनीच बाकीच्या बायकांशी गाठ घालून दिलेली असते, म्हणजे तुमचं सॅम्पल कसं मिळालं ते आभारात लपलंय! हे सगळं वेचून आम्ही एका जागी आणतो: गावं किती, बायका किती, ओव्या कुणी उतरवून घेतल्या, संमती कशी घेतली. ज्ञानेश्वरीचा भाग एका परिच्छेदावर येतो, आणि आजवर काय विचारलं गेलं नाही ते इंट्रोडक्शनमध्ये पुढे येतं.

खरं अवघड काम पुढचं. "माहेरच्या ओढीने व्याकूळ सासुरवाशीण ओवीतून दुःख मोकळं करते", या एका वाक्यात दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या कराव्याच लागतात. फाइंडिंग्जमध्ये एवढंच जाईल की १२० ओव्यांपैकी ४६ मध्ये माहेर आलं आणि त्यातल्या ३१ मध्ये भाऊ (आकडे उदाहरणापुरते). दुःख मोकळं होतं हा तुमचा अर्थ, तो डिस्कशनमध्ये. तिथेच आईपेक्षा भाऊ जास्त का येतो हे बोलायचं, आणि हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या लाखावर ओव्यांच्या संग्रहात काय दिसतं त्याच्याशी ताडून बघायचं. वाक्य कुठे टाकायचं कळेना तर स्वतःला विचारा, हे मला कसं कळलं? ऐकलं किंवा मोजलं असेल तर फाइंडिंग्ज, विचार करून लावलं असेल तर डिस्कशन.

रसग्रहण कापलं की जीव तुटतो, आम्हालाही कळतं. म्हणून ओवी आम्ही मूळ शब्दांत ठेवतो आणि खाली अर्थ देतो.

पण तुम्ही जे केलंच नाही ते आम्ही मेथड्समध्ये लिहीत नाही. बायका कशा निवडल्या हे कुठेच नोंदलेलं नसेल तर तसं अभ्यासाच्या मर्यादांमध्ये स्पष्ट लिहावं लागतं, आणि एथिक्स कमिटीची परवानगी मागची तारीख टाकून मिळत नाही, त्यामुळे ती नसेल तर पहिल्याच फोनवर सांगा. लोकसाहित्याची काही जर्नल्स निबंधाचा बाज तसाच घेतात, तुमचं जर्नल त्यातलं असेल तर ही मोडतोड करूच नका.

निबंधासोबत फील्डवर्कची डायरी, रेकॉर्डिंगची यादी आणि जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचनांची लिंक पाठवा. डायरी फाटकी असली, अक्षर लागत नसलं तरी फोटो काढून पाठवा, निम्म्या मेथड्स तिथेच सापडतात.