शेअर केलेल्या फाइलची जागा: कोणाच्या खात्यावर?

दुसऱ्याने शेअर केलेली फाइल आपल्याला दिसते, उघडते, कधी तिच्यात बदलही करता येतो. तरी तिची जागा बहुतेक क्लाउड सेवांमध्ये मालकाच्याच कोट्यातून जाते. गुगल ड्राइव्हवर `Shared with me` मध्ये कितीही मोठे व्हिडिओ साचले तरी आपल्या मोफत १५ जीबीतला एक बाइटही खर्च होत नाही. साहजिकच, ते तिथून काढून टाकल्याने जागाही मोकळी होत नाही. खाते भरले की आधी तीच यादी साफ करायला घेणारे पुष्कळ असतात, आणि अर्धा तास घालवूनही आकडा जागचा हलत नाही.

मात्र मालक कोण, याचे उत्तर प्रत्येक सेवा वेगळे देते. समजा, ‘क’ने एक फोल्डर बनवून त्यात १ जीबीचे फोटो ठेवले आणि ‘ख’ला त्यात भर घालण्याची परवानगी दिली. ‘ख’ने स्वतःचे ६०० एमबीचे व्हिडिओ त्यात चढवले. गुगल ड्राइव्हवर फोल्डर ‘क’चा असला तरी व्हिडिओंचा मालक ते चढवणारा ‘ख’, म्हणून ते ६०० एमबी ‘ख’च्या खात्यावर पडतात. वनड्राइव्हवर उलट हिशेब: फोल्डर ज्याचा, त्यातले सगळे त्याचे. तिथे पूर्ण १.६ जीबी ‘क’च्या नावावर जातात, ‘ख’ला काहीच लागत नाही. मोफत खात्यातल्या ५ जीबीवर दहा जणांकडून फोटो गोळा करणाऱ्याचे खाते त्यामुळेच बघता बघता भरते.

ड्रॉपबॉक्सची वैयक्तिक खाती या दोन्हींपेक्षा निराळी. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये सामील झालेल्या प्रत्येकाच्या कोट्यात तो पूर्ण आकाराने मोजला जातो. वरच्या उदाहरणात ‘क’चेही १.६ जीबी जातात आणि ‘ख’चेही. मोफत खाते २ जीबीचे असल्याने ‘ख’कडे जेमतेम ४०० एमबी उरतात. नुसती लिंक उघडून फाइल पाहिली तर मात्र काही मोजले जात नाही. इथली खरी मेख जागा मोकळी करताना कळते. संपादनाची परवानगी असलेल्या सदस्याने फोल्डरमधल्या फाइल डिलीट केल्या तर त्या सर्वांकडून जातात. आपली जागा सोडवायची असेल तर फोल्डरमधून बाहेर पडावे. इतरांच्या फाइल जागच्या जागी राहतात.

गुगल ड्राइव्हवर `Make a copy` दाबले की तयार होणारी प्रत आपली आणि तिची जागाही आपलीच. शॉर्टकट जोडला तर जागा लागत नाही. आपल्या नावावर नेमके काय मोजले जाते ते `drive.google.com/drive/quota` या पानावर आकारानुसार उतरत्या क्रमाने दिसते. फाइल त्या यादीत नसेल, तर तिची जागा दुसऱ्या कोणाच्या खात्यावर आहे.