स्टेकिंग मोबदला (इथेरियम)

‘प्रूफ ऑफ स्टेक’ पद्धतीच्या ब्लॉकचेनवर स्वतःचे चलन अनामत ठेवून नोंदींच्या पडताळणीत भाग घेणाऱ्याला मिळणारे उत्पन्न. या नोंदीत इथेरियमवरील पद्धतीचा विचार केला आहे. तेथे इथर या तिच्या चलनाची किमान ३२ नाणी अनामत ठेवल्यास पडताळणी करणारा एक ‘व्हॅलिडेटर’ सुरू होतो. इथेरियमवर ही पद्धत १ डिसेंबर २०२० रोजी समांतर साखळीवर सुरू झाली, आणि १५ सप्टेंबर २०२२ पासून मुख्य जाळे पूर्णपणे तिच्यावर चालू लागले.

उगम : कल्पनेचे श्रेय सामान्यतः बिटकॉइनविषयक चर्चांत २०११ च्या सुमारास टोपणनावाने मांडल्या गेलेल्या एका प्रस्तावाला दिले जाते. तिचा पहिला प्रत्यक्ष वापर २०१२ मधील पीअरकॉइन या चलनात झाला. पीअरकॉइनचा आराखडा सनी किंग (हेही टोपणनावच) व स्कॉट नडाल यांच्या नावावर आहे. मात्र आजच्या अर्थाने स्टेकिंग पीअरकॉइनपासून मोजावे की नाही, याविषयी मतभेद आहेत. पीअरकॉइनमध्ये चलन किती काळ न हलवता ठेवले यावर मोबदला ठरे. लबाडी केल्यास ते जप्त होण्याची तरतूद नव्हती. अनामत आणि जप्ती यांची सांगड २०१४ मधील दोन मांडण्यांत दिसते : व्हिटालिक ब्युटेरिन यांची ‘स्लॅशर’ आणि जे क्वॉन यांची ‘टेंडरमिंट’. इथेरियमची सध्याची रचना पीअरकॉइनपेक्षा या अनामत-जप्तीच्या परंपरेतली मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

उत्पन्नाचा स्रोत : बँक ठेवीदाराचा पैसा कर्जाऊ देते आणि त्या व्याजातून त्याला व्याज देते. येथे कोणी कर्जदार नाही. मोबदल्याचा मोठा भाग जाळ्याने नव्याने निर्माण केलेले इथर असतो. दर ६.४ मिनिटांच्या फेरीत (‘इपॉक’) प्रत्येक व्हॅलिडेटरने साखळीच्या स्थितीबाबत एकदा मत नोंदवायचे असते. ते अचूक व वेळेवर आले तर ठरलेली रक्कम जमा होते. ब्लॉक मांडण्याची पाळी आल्यास वेगळे मानधन मिळते, शिवाय वापरकर्त्यांनी दिलेले अग्रक्रम शुल्क आणि व्यवहारांचा क्रम लावण्यातून होणारी कमाईही मिळते. व्यवहाराचे मूळ शुल्क मात्र २०२१ पासून नष्ट केले जाते. ते कोणाच्याच हाती पडत नाही.

नव्या इथरची एकूण निर्मिती अनामतीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे १ कोटी इथर अनामत असता वार्षिक दर सुमारे ५.३ टक्के पडतो, तर ४ कोटी असता सुमारे २.६ टक्के. अनामत चौपट झाली की दर निम्मा होतो. हा मोबदला इथरमध्येच मिळत असल्याने रुपयांतील फायदा इथरच्या भावावर अवलंबून राहतो. चलनवाढीचा भार स्टेकिंग न करणाऱ्या धारकांवर पडतो, आणि स्टेकिंग करणाऱ्यांच्या उत्पन्नाचा काही भाग केवळ त्या भाराची भरपाई असतो.

अडकून पडण्याचा काळ : मुदत ठरलेली नाही, रांग मात्र आहे. पहिल्या टप्प्यात पैसे काढण्याची सोयच नव्हती. ती एप्रिल २०२३ मध्ये झाली. सध्याच्या नियमांनुसार दर फेरीला २५६ इथर, म्हणजे दिवसाला ५७,६०० इथर बाहेर पडू शकतात. रांगेत २० लाख इथर असतील तर शेवटच्याला सुमारे ३५ दिवस थांबावे लागते. त्यानंतर २७ तासांची सक्तीची प्रतीक्षा आहे, मग रक्कम खात्यात येण्यास आणखी काही दिवस जातात. भाव कोसळल्यावर सगळे एकदम निघू पाहतात, आणि नेमकी तेव्हाच रांग लांबते.

स्लॅशिंग : म्हणजे नियमभंगाबद्दल अनामतीची जप्ती. यंत्र बंद पडणे हा स्लॅशिंगचा गुन्हा नव्हे. त्या काळात साधारणतः जेवढे मिळाले असते त्याच्या जवळपास कापले जाते, इतकेच. जप्ती होते ती परस्परविरोधी स्वाक्षऱ्यांसाठी : एकाच पाळीत दोन ब्लॉक मांडणे, एकाच लक्ष्यासाठी दोन वेगळी मते देणे, किंवा आधीच्या मताला वेढणारे दुसरे मत देणे. हेतू तपासला जात नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका सेवादात्याचे ७५ व्हॅलिडेटर या कचाट्यात सापडले. आपण आधी कशावर सही केली याची नोंद ठेवणारी व्यवस्था तेथे नीट जपली जात नव्हती, त्यामुळे दुबार सह्या झाल्या आणि सुमारे १८ इथर गेले. दुसरे ठरावीक कारण म्हणजे खबरदारी म्हणून सही करण्याची एकच गुप्त किल्ली दोन यंत्रांवर चालू ठेवणे.

मे २०२५ पासून सुरुवातीची कपात अनामतीच्या १/४०९६ इतकीच, म्हणजे ३२ इथरमागे ०.००८ हूनही कमी आहे. खरा धोका पुढे असतो. दोषी व्हॅलिडेटरला हद्दपार करून त्याची रक्कम सुमारे ३६ दिवस अडकवली जाते, आणि त्या मुदतीच्या मध्यावर दुसरा दंड ठरतो. आधीच्या ३६ दिवसांत एकूण अनामतीपैकी जेवढा हिस्सा स्लॅश झाला असेल, त्याच्या तिप्पट हिस्सा प्रत्येक दोषीचा जातो. एकटाच चुकला तर हा दंड नगण्य असतो. १ टक्का अनामत सापडली तर ३२ इथरमागे ०.९६ इथर जाते. एक तृतीयांश सापडली तर सारेच जाते. म्हणून बहुसंख्य लोक वापरतात त्याच सॉफ्टवेअरवर किंवा मोठ्या सेवादात्याकडे अनामत ठेवणाऱ्याचा धोका एकट्याने चालवणाऱ्यापेक्षा वेगळ्या जातीचा असतो.