बाटलीचे पर्जन्यमापक आणि वर्गाचा पाऊस-तक्ता

प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीपासून पर्जन्यमापक तयार करून मोसमी पावसाची रोज नोंद ठेवण्याचा शालेय भूगोलातील प्रात्यक्षिक पाठ. बाटली अर्ध्या तासात तयार होते. पाठ मात्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत चालतो, आणि त्यातला खरा भूगोल बाटलीपेक्षा भिंतीवर लावलेल्या तक्त्यात असतो. या नोंदीत वाईसारख्या, सह्याद्रीच्या पूर्व पायथ्याच्या गावातली शाळा डोळ्यांसमोर ठेवली आहे.

पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात, इथपासून सुरुवात करावी लागते. पाणी लिटरमध्ये मोजायचे हे मुलांना घरून माहीत असते, त्यामुळे पाऊस लांबीच्या मापात सांगितला की ती बुचकळ्यात पडतात. पडलेले पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही आणि वाफ होऊन उडाले नाही, तर सपाट जमिनीवर ते जितके खोल साचेल ती खोली म्हणजे पाऊस. एक मीटर लांब, एक मीटर रुंद फरशीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडले. शाळेच्या शंभर चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पाऊस झाला, तर पागोळ्यांतून दोन हजार लिटर पाणी खाली येते. हे एकदा समजले की बादली ठेवा नाहीतर वाटी, दोन्हींत पाण्याची खोली सारखीच का येते, हे वेगळे सांगावे लागत नाही. अट एवढीच की भांड्याच्या बाजू सरळ उभ्या हव्यात.

शीतपेयाच्या बाटलीची अडचण नेमकी इथेच येते. दोन लिटरची बाटली वरच्या निमुळत्या भागाखाली कापतात आणि तो भाग बूच काढून नरसाळ्यासारखा उलटा आत बसवतात. नरसाळ्यामुळे पाण्याची वाफ कमी होते आणि आत पडलेला थेंब उसळून बाहेर जात नाही. मात्र बाटलीचा तळ पाच पाकळ्यांचा, खोलगट असतो, आणि बऱ्याच बाटल्या कमरेत बारीक असतात. तळापासून पट्टी चिकटवली तर पहिले काही मिलिमीटर सरळ खोटे निघतात. यावर उपाय म्हणून तळात खडे टाकून सरळ बाजू सुरू होते तिथपर्यंत पाणी भरतात आणि त्या रेषेवर शून्य मांडतात. खड्यांच्या वजनामुळे बाटली वाऱ्याने पडतही नाही. पण उघडिपीच्या दोन-तीन दिवसांत ते पाणी थोडे उडते आणि शून्य खाली सरकते. म्हणून रोजची नोंद झाली की पाणी पुन्हा शून्याच्या रेषेवर आणावे लागते, पाऊस नसला तरीही.

पाचवी-सहावीच्या मुलांना पट्टीवर पाणी चढलेले दिसते, म्हणून पट्टी ठीक आहे. त्यापुढच्या वर्गांनी मात्र पट्टी सोडून पाणी मापात ओतून मोजावे, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. त्या पद्धतीत तळाचा आकार आणि कमरेचा बारीकपणा, दोन्ही हिशेबातून बाहेर पडतात. मग तळात खडे किंवा पाणी नको. बाटली विटांच्या मधोमध घट्ट बसवली की झाले. लागते ते फक्त बाटलीच्या तोंडाचे क्षेत्रफळ. तोंडाचा आतला व्यास १० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर येते. एका सकाळी बाटलीत १६५ मिलिलिटर पाणी निघाले. १६५ ला ७८.५ ने भागले की २.१ सेंटिमीटर, म्हणजे २१ मिलिमीटर पाऊस. हीच बाटली खाली ९ सेंटिमीटर रुंद असेल, तर पट्टीवर त्याच पाण्याची उंची २६ मिलिमीटर दिसली असती. तोंड रुंद आणि पोट अरुंद असले की पाणी उंच चढते, आणि पट्टीवरचा आकडा दोन्ही व्यासांच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो. मोजायला प्रयोगशाळेतले मोजपात्र नसेल तर मोठी सिरिंज किंवा औषधाच्या बाटलीवरचे मापाचे झाकण चालते.

बाटली कुठे ठेवायची यावर वर्गात हमखास वाद होतो, कारण मुलांना ती खिडकीतून दिसायला हवी असते. वळचणीखाली आणि झाडाखाली ती कधीच ठेवू नये. भिंत किंवा झाड जितके उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मोकळ्या जागेत ती हवी. अगदी जमिनीवर ठेवली तर चिखलाचे शिंतोडे आत उडतात. बाटलीतले पाणी गढूळ दिसले की हेच झाले असे समजावे. फार उंचावर, गच्चीच्या कठड्यावर ठेवली तर वारा थेंबांना तोंडावरून पुढे नेतो आणि पाऊस कमी भरतो. तोंडाची कड जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर असली की बरे. बाटली कलली तर तोंडाचे आकाशाकडचे क्षेत्रफळ बदलते, म्हणून दोऱ्याला खडा बांधलेल्या ओळंब्याने ती सरळ उभी आहे ना, हे रोज पाहावे.

वेळेचा नियम त्याहून कडक आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. त्या चोवीस तासांचा पाऊस ज्या तारखेला मोजला त्या तारखेखाली लिहितात. बुधवारी संध्याकाळी मुले भिजत घरी गेली तो पाऊस तक्त्यात गुरुवारी येतो, आणि “बाई, काल पाऊस होता, मग कालच्या रकान्यात शून्य कसे?” हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच येतो. शाळा साडेदहा-अकराला भरत असेल तर शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांवर साडेआठची पाळी सोपवावी. तेही जमत नसेल तर अकराची वेळ ठरवून रोज तीच पाळावी; मग सरकारी आकड्यांशी एकेका दिवसाची तुलना करू नये, आठवड्याच्या बेरजेची करावी.

तक्ता कसा वाचायचा ते एका आठवड्याच्या उदाहरणावरून पाहू. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. एक बाटली मैदानात, दुसरी शाळेच्या पूर्वेकडच्या भिंतीजवळ मुद्दाम चुकीच्या जागी ठेवलेली. दोन्ही नोंदी मिलिमीटरमध्ये.

| वार | मैदान | भिंतीजवळ | शेरा |
|---|---|---|---|
| गुरुवार | १२ | ११ | रात्री सरी |
| शुक्रवार | ० | ० | उघडीप |
| शनिवार | २१ | ९ | पश्चिमेचा जोरदार वारा |
| रविवार | — | — | सुट्टी, मोजले नाही |
| सोमवार | (३४) | (१५) | दोन दिवसांचा एकत्र |
| मंगळवार | ७ | २९ | वारा पडलेला |
| बुधवार | अल्प | अल्प | नुसती भुरभुर |

शुक्रवारचे शून्य आणि रविवारची रेघ यांतला फरक हा या पाठाचा गाभा आहे. शून्य म्हणजे कोणीतरी जाऊन पाहिले आणि पाणी नव्हते. रेघ म्हणजे कोणी पाहिलेच नाही. रविवारी शून्य भरले तर आठवड्यात एक खोटा कोरडा दिवस तयार होतो. मुलांना दुसरा मोह सोमवारच्या ३४ चे दोन भाग करून १७-१७ लिहिण्याचा होतो. तोही चूक, कारण सगळा पाऊस एकाच रात्री पडला असू शकतो. आकडा कंसात ठेवून शेरा लिहिणे एवढेच प्रामाणिक आहे. त्याचा परिणाम पुढे दिसतो. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेला दिवस म्हणजे पावसाचा दिवस. या आठवड्यात असे दिवस किती? गुरुवार, शनिवार आणि मंगळवार नक्की, आणि कंसातल्या दोन दिवसांपैकी किमान एक. म्हणून उत्तर “चार किंवा पाच” असे येते आणि ते तसेच लिहावे.

आता बेरजा करून पाहा. मैदानात ७४, भिंतीजवळ ६४. फरक फार वाटत नाही आणि वरवर पाहणारा भिंतीजवळची जागाही चालेल असे म्हणेल. रोजच्या ओळी मात्र वेगळेच सांगतात. शनिवारी आणि सोमवारी वाऱ्याने तिरप्या आलेल्या पावसाला इमारतीने आडोसा दिला आणि भिंतीजवळ मैदानाच्या निम्माही पाऊस भरला नाही. मंगळवारी पाऊस थोडा आणि सरळ होता, पण कुठूनतरी छपराचे पाणी बाटलीत ठिबकले आणि ७ च्या जागी २९ भरले. उलट दिशांच्या दोन चुका एकमेकींना झाकून बसल्या. म्हणून शिक्षकांनी बेरीज करण्याआधी प्रत्येक ओळीतला फरक काढायला सांगावा आणि मोठा फरक दिसला की मुलांना बाटलीपाशी नेऊन वर पाहायला लावावे. पत्र्याची कड डोक्यावर दिसतेच.

इमारतीच्या या आडोशाला पर्जन्यछायेची उपमा देण्याचा मोह होतो, आणि ती उपमा अर्धीच खरी आहे. भिंत पाऊस फक्त अडवते. सह्याद्री पाऊस पाडतो: अरबी समुद्रावरून आलेली बाष्पाने भरलेली हवा घाटमाथ्याकडे चढताना थंड होते, बाष्पाचे पाणी होते आणि बहुतेक पाऊस पश्चिम उतारावर आणि माथ्यावर पडतो. पूर्वेकडे उतरताना हीच हवा तापते, कोरडी होते आणि ढग विरतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो; तिथून रस्त्याने तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईत हजारही होत नाही. महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई इथल्या तीन शाळांनी एकाच वेळी, सारख्या बाटल्यांनी महिनाभर नोंदी ठेवून तक्ते एकमेकींना पाठवले, तर पाठ्यपुस्तकातली पर्जन्यछायेची आकृती मुलांच्या स्वतःच्या आकड्यांतून उभी राहते.

कृषी विभागाच्या संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो, त्याच्याशीही तक्ता ताडून पाहता येतो. शेतकऱ्यांच्या घरांत हा आकडा परिचयाचा असतो, कारण चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. शाळेचा आणि मंडळाचा आकडा एक येत नाही म्हणून बाटली चुकली असे लगेच म्हणू नये. पावसाची सर एका शिवारात कोसळते आणि शेजारचे शिवार कोरडे ठेवते. २६ जुलै २००५ च्या सकाळपासून चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच वेळात कुलाब्याला शंभरही झाला नाही. रोजच फरक त्याच बाजूने आणि जवळपास त्याच प्रमाणात पडत असेल, तर मात्र दोष बाटलीचा असतो, आणि बहुधा तोंडाचा व्यास चुकीचा मोजलेला असतो.

या प्रात्यक्षिकाच्या दोन मर्यादा तक्त्याच्या शीर्षकातच लिहाव्यात. पहिली म्हणजे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात त्याहूनही उशिरा. पुण्यात मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख १० जून आहे, म्हणजे मृगाचा पहिला पाऊस बहुतेक वर्षी तक्त्यात येतच नाही. सुट्टीत एका घरी बाटली ठेवली नाही तर “जूनचा पाऊस” असे लिहू नये, “१६ ते ३० जून” असे लिहावे.

दुसरी मर्यादा बाटलीच्या उंचीची. नरसाळ्याच्या टोकापर्यंत साधारण १२ ते १३ सेंटिमीटर जागा असते. नरसाळ्याची कड चिकटपट्टीने सगळीकडून बंद केलेली असेल तर पाणी टोकाला लागताच आतली हवा कोंडते, पाणी नरसाळ्यातच साचते आणि काठावरून वाहू लागते. म्हणून कडेला एक फट मोकळी सोडतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर एवढ्याने भागत नाही. तिथे सकाळी आणि शाळा सुटताना असे दोनदा मोजून पुढच्या सकाळी बेरीज लिहितात, आणि तरीही बाटली भरून वाहिली तर १३० न लिहिता “१३०+” लिहितात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराजवळ एक अरत्नी, म्हणजे हातभर रुंद तोंडाचे कुंड पाऊस मोजण्यासाठी ठेवायला सांगितले आहे. तिथे पाऊस द्रोण या मापात दिला आहे: अश्मक देशात साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस. अपरान्ताच्या, म्हणजे आपल्या कोकणाच्या नावापुढे आकडा नाही. तिथला पाऊस ‘अमित’ म्हटला आहे.