हातभर उघडायचा, हातभर मिटायचा डोंगर

ह्वांग गोंगवांग या चिनी चित्रकाराने चौदाव्या शतकात फूचुन नदीकाठच्या डोंगरांचं शाईचित्र काढलं. त्याचा मोठा तुकडा आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. उंची ३३ सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा जेमतेम जास्त. लांबी मात्र ६३६.९ सेंटिमीटर. एवढं लांब आणि एवढं बुटकं चित्र भिंतीवर लावायचं कसं, असा प्रश्न आपल्याला पडतो. ह्वांगला तो पडलाच नसता, कारण हे चित्र भिंतीसाठी नव्हतंच. ते गुंडाळून पेटीत ठेवायचं, पाहायचं असेल तेव्हा काढायचं आणि पाहून झालं की परत ठेवून द्यायचं. आपल्याकडे जुन्या घरांत जन्मपत्रिकेची लांब गुंडाळी असायची, तसंच काहीसं. अशा चित्राला हँडस्क्रोल म्हणतात.

ते पाहण्याची रीत ठरलेली असते. गुंडाळी टेबलावर आडवी ठेवायची, दोरी सोडायची आणि उजवीकडून डावीकडे उलगडायला लागायचं. डावा हात नवा भाग सोडत जातो, उजवा हात पाहून झालेला भाग गुंडाळत येतो. दोन हातांच्या मध्ये साधारण पन्नास-साठ सेंटिमीटरचं चित्र उघडं असतं. या हिशोबाने तैपेईच्या तुकड्याच्या अकरा ते तेरा खिडक्या होतात. पण त्या फोटोंच्या अल्बमसारख्या सुट्या नसतात. एका खिडकीतला अर्धा डोंगर पुढच्या खिडकीत पुरा होतो, आणि कुठे थांबायचं ते पाहणारा ठरवतो.

यात वेगळं काय घडतं, ते समजायला आधी डोळ्याकडे बघावं लागेल. हात लांब करून अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या नखाएवढाच भाग आपल्याला कुठल्याही क्षणी खरोखर स्वच्छ दिसत असतो. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध एक बारीक खळगा आहे. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची सर्वांत दाट वस्ती तिथे असते, आणि तिच्या वाट्याला दृश्याचा एवढासाच भाग येतो. बाकीचं सगळं धूसर. म्हणून डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारत हिंडतो आणि मेंदू ते तुकडे जोडतो. म्हणजे एका नजरेत अख्खं चित्र असं कधीच दिसत नाही, भिंतीवरचंसुद्धा.

तरी दिसल्यासारखं वाटतं, त्याला कारण आहे. एखादं दृश्य सेकंदाचा दहावा भाग जरी समोर धरलं, तरी हा बाजार, हा समुद्रकिनारा, हा डोंगर, एवढं माणूस सांगू शकतो. धूसर भागातूनही एकंदर मांडणीचा अंदाज येतो, आणि पुढच्या उड्या कुठे मारायच्या ते बरंचसं तो अंदाजच सुचवतो. भिंतीवरच्या चित्रात हा अंदाज आधी हाती लागतो आणि बारकावे मागून येतात.

हँडस्क्रोल नेमका हाच अंदाज देत नाही. उघड्या खिडकीचा अंदाज येतो, पण अख्ख्या चित्राचा नाही, कारण त्याचा बराचसा भाग डाव्या हातात गुंडाळलेला असतो. समोर झाडं, मागे डोंगराची सोंड आणि सोंड डाव्या कडेपाशी कापलेली. ती चढते की पाण्यात उतरते, ते हात हलवल्याशिवाय कळायचं नाही.

ह्वांग याचा पुरेपूर उपयोग करतो. लांब, सैल, सुतळीच्या धाग्यांसारख्या रेघांनी डोंगर रचत नेतो, मग एकदम पाणी येतं. पाणी म्हणजे कोरा कागद, त्यावर एखादी मासेमारी नाव. नाव एवढीशी की हात आपोआप थांबतो. शेवटाकडे डोंगररांग संपून मोकळं पाणी पसरतं. आता झालं, असं वाटेस्तोवर एक उंच, निमुळता सुळका उभा राहतो. भिंतीवर हाच सुळका सगळ्यांत आधी डोळ्यांत भरला असता. इथे तो सहा मीटरची वाट चालल्यावर भेटतो.

मागे पडलेल्या खिडक्यांचं काय होतं? एका वेळी जेमतेम तीन-चार गोष्टीच आपण नजरेच्या तात्पुरत्या आठवणीत धरू शकतो. त्यामुळे उजव्या हातात गुंडाळलेल्या झाडांची फांदी न् फांदी टिकत नाही. टिकतो तो क्रम: आधी दाट डोंगर, मग पाणी, मग पाइनची झाडं. याचा एक नामी दाखला मिळतो. शेन झोऊ या चित्रकाराकडे हे चित्र काही काळ होतं. मग ते त्याच्या हातचं गेलं. १४८७ साली त्याने केवळ आठवणीतून ते पुन्हा काढलं. ती नक्कल आज बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. डोंगर-पाण्याची सर्वसाधारण वाट मूळ चित्राचीच, पण रेघा शेनच्या स्वतःच्या, आणि वर हलके रंग. मूळ चित्रात नुसती शाई आहे. आठवण काय राखते आणि काय स्वतःच्या पदरचं भरते, ते याहून उघड कुठे दिसेल असं मला वाटत नाही.

काढतानाही हे चित्र एका बैठकीतलं नव्हतं. १३५० साली शेवटी लिहिलेल्या मजकुरात ह्वांग सांगतो, की तीन-चार वर्षं झाली तरी काम पुरं झालेलं नाही आणि प्रवासात तो ते बरोबर बाळगतो. ज्याच्यासाठी काढलं तो ताओपंथी वूयोंग धास्तावला होता, कुणी लबाडीने लांबवेल म्हणून. त्याने मालकीची नोंद आधीच लिहून घेतली!

पुढे १६५० साली चित्राचा तेव्हाचा मालक वू होंगयू मरणपंथाला लागला. हे चित्र परलोकी आपल्यासोबत यावं म्हणून त्याने ते आगीत टाकायला लावलं. पुतण्याने दुसरी गुंडाळी आगीत टाकून हे बाहेर काढलं, पण तोवर आगीने घास घेतला होता. कुठला घास, ते गुंडाळीच्या रचनेनेच ठरवलं. दांडी डाव्या टोकाला असते, त्यामुळे चित्राचा शेवट आत सुरक्षित राहतो आणि आरंभ सगळ्यांत बाहेर. जळला तो आरंभ. शिवाय निखारा एका जागी टेकला तरी आतले अनेक वेढे एकदम भाजतात. म्हणून उलगडल्यावर एकाच डागाच्या आवृत्त्या ठरावीक अंतराने दिसतात. अंतर एका वेढ्याएवढं असतं. समजा गुंडाळी सहा सेंटिमीटर जाडीची असेल, तर सुमारे एकोणीस सेंटिमीटर. आत जावं तशी अंतरं कमी होत जातात आणि भोकंही लहान होतात. दुरुस्त केलेल्या कागदावर अशी भोकांची माळ दिसली, की तो गुंडाळलेला असताना भाजला हे कळतं.

त्या आगीत चित्राचे दोन तुकडे झाले. आरंभाकडचा ५१.४ सेंटिमीटरचा तुकडा हांगझोऊला झेजियांग प्रांतीय संग्रहालयात आहे. म्हणजे आगीतून वाचलेला आरंभ आता जेमतेम एका खिडकीएवढा आहे. २०११ साली तैपेईत दोन्ही तुकडे एकत्र मांडले गेले. संग्रहालयात काचेखाली चित्र बरंच लांबवर उघडं असतं आणि हातांऐवजी पाय चालतात. नाइलाज आहे, शेकडो वर्षांचा कागद कुणाच्या हाती द्यायचा? पण डोळ्याच्या कोपऱ्यातून पुढचा सुळका आधीच खुणावत असतो, आणि गर्दी मागून ढकलत असते ते वेगळंच.

टेबलावर मात्र शेवटाला पोचल्यावरही काम उरतं. सगळं चित्र आता उजव्या हाताशी उलटं गुंडाळलेलं असतं. ते तसंच बांधून ठेवता येत नाही, डावीकडच्या दांडीवर पुन्हा घ्यावं लागतं. मग सुळका आधी येतो, मागून पाणी, मग नाव, मग डोंगर. मघाशी जिथे थांबलो होतो तिथे या वेळी हात थांबतोच असं नाही. शेवटी दोरी गुंडाळायची.