कॅरोसेलमधील शोधशब्द आणि हॅशटॅग

एकाच पोस्टमध्ये बोटाने सरकवत एकामागून एक पाहता येणाऱ्या स्लाइडच्या मालिकेला कॅरोसेल म्हणतात. अशी पोस्ट शोधपेटीत काही टाइप करणाऱ्या अनोळखी व्यक्तीला सापडावी, म्हणून तिच्या कॅप्शनमध्ये, स्लाइडवरील मजकुरात आणि हॅशटॅगमध्ये कोणते शब्द घालायचे हे ठरवणे, म्हणजे शोधशब्दांची निवड होय. इन्स्टाग्रामवर कॅरोसेल २०१७ मध्ये आले. सुरुवातीला त्यात १० चित्रे किंवा चित्रफिती घालता येत, २०२४ पासून ही मर्यादा २० झाली. पुढील विवेचन मुख्यतः इन्स्टाग्रामला धरून असले, तरी शब्दनिवडीचा भाग इतर माध्यमांनाही लागू पडतो.

हॅशटॅगची कल्पना ख्रिस मेसिना यांनी २३ ऑगस्ट २००७ रोजी ट्विटरवर मांडली. त्यानंतर बराच काळ पोस्ट सापडण्याची मुख्य वाट हॅशटॅग हीच होती. इन्स्टाग्रामवर साध्या शब्दांनी शोधण्याची सोय २०२० च्या अखेरीस, प्रथम इंग्रजीपुरती, सुरू झाली आणि तेव्हापासून कॅप्शनमधील साध्या वाक्यांचे वजन वाढले. शोध कसा चालतो याबद्दल २०२१ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात इन्स्टाग्रामने शोधशब्द आणि हॅशटॅग कमेंटमध्ये न टाकता कॅप्शनमध्येच लिहावेत, असे सांगितले. हॅशटॅग फॉलो करण्याची सोय डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकण्यात आली, तर जुलै २०२५ पासून व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट गूगलसारख्या शोधयंत्रांनाही दिसू लागल्या. त्यामुळे आता वाचक तुटक शब्दच नव्हे, तर संपूर्ण प्रश्न टाइप करून कॅरोसेलपर्यंत पोहोचू शकतो.

निवडीतील खरी अडचण अशी असते की, पोस्ट तयार करणाऱ्याला उत्तर ठाऊक असते आणि शोधणाऱ्याला ते ठाऊक नसते. जाणकार माणूस कारणाच्या नावाने बोलतो. अडलेला माणूस मात्र डोळ्यांना जे दिसते तेच टाइप करतो. कुंडीतील रोपाला पाणी जास्त झाल्यावर मातीतील हवेची जागा पाणी घेते, मुळे कुजू लागतात आणि बहुधा खालची पाने आधी पिवळी पडतात. बागकामाचा अभ्यासक याला ‘मूळकूज’ म्हणेल. पण ज्याचे रोप आजारी आहे त्याला हा शब्दच माहीत नसतो. तो ‘पाने पिवळी का पडतात’ असे विचारतो, कारण मुळे मातीखाली असतात आणि पाने समोर असतात.

या विषयावर सात स्लाइडचे कॅरोसेल करायचे आहे असे समजू. पहिल्या मसुद्यात पहिल्या स्लाइडवर ‘श्वास कोंडलेली मुळे’ असे मथळ्याचे शब्द आहेत आणि कॅप्शनची सुरुवात ‘आज एका महत्त्वाच्या विषयावर बोलू या’ अशी आहे. मथळा सुंदर आहे, पण ते शब्द शोधपेटीत कोणी टाइप करणार नाही. कॅप्शनची पहिली ओळ तर कोणत्याही पोस्टला चालेल अशी आहे. दुरुस्तीची सुरुवात शोधपेटीपासून करावी. ‘पाने पिवळी’ इतके टाइप करून खाली येणाऱ्या सूचना टिपून घ्याव्यात, मग ‘रोप’, ‘कुंडी’, ‘झाड सुकते’ अशा वेगवेगळ्या टोकांनी तेच करावे. सूचनांवर त्या खात्याच्या आधीच्या वापराची छाया पडते, म्हणून हे काम बागकामाच्या पोस्ट फारशा न पाहणाऱ्या खात्यावरून करणे उत्तम. तज्ज्ञ नसलेल्यांनी कमेंटमध्ये विचारलेले प्रश्न हाही चांगला साठा असतो, आणि माझ्या मते सूचनांपेक्षा तो अधिक प्रामाणिक असतो, कारण तिथे माणूस स्वतःच्या शब्दांत अडचण मांडतो.

या साठ्यातून एकच मुख्य शब्दसमूह निवडावा. येथे तो ‘कुंडीतील रोपाची पाने पिवळी का पडतात’ हा ठरेल आणि पहिल्या स्लाइडचा मथळाही तोच होईल. कॅप्शनची मर्यादा २,२०० अक्षरचिन्हांची असली, तरी फीडमध्ये सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो, म्हणून पहिले वाक्य असे लिहावे : ‘कुंडीतील रोपाची पाने पिवळी पडत असतील आणि माती ओलीच राहत असेल, तर बहुधा पाणी जास्त होत आहे.’ यात प्रश्न, लक्षण आणि उत्तराची दिशा एका ओघात येतात. ‘मूळकूज’ हा शब्द टाकून द्यायचा नाही. तो चौथ्या स्लाइडवर, मुळांच्या चित्राखाली, आणि कॅप्शनमध्ये एकदा अर्थासह यावा, म्हणजे नाव ठाऊक असलेल्यालाही पोस्ट सापडेल. तोच शब्दसमूह दहा वेळा घोळवल्याने मात्र वाचक कंटाळतो आणि नवी माहिती काहीच मिळत नाही.

स्लाइडवरील अक्षरे ही चित्राचा भाग असतात आणि ती वाचण्यासाठी वेगळी यंत्रणा लागते. चित्रातील मजकूर ओळखणारी ‘रोझेटा’ ही प्रणाली इन्स्टाग्रामची मालक कंपनी फेसबुकने २०१८ मध्ये जाहीर केली होती. तरीही केवळ स्लाइडवरच्या शब्दांवर विसंबणे धोक्याचे आहे : वळणदार सुलेखन, फोटोवर मिसळून गेलेला रंग किंवा तुटक शिरोरेखा यांमुळे यंत्राची वाचनात चूक होते. म्हणून मुख्य शब्द साध्या, ठळक अक्षरांत लिहावा, कॅप्शनमध्ये तो पुन्हा द्यावा आणि प्रत्येक स्लाइडच्या पर्यायी मजकुरात, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवल्या जाणाऱ्या मजकुरात, त्या चित्राचे खरे वर्णन करावे. पर्यायी मजकूर मुळात दृष्टिहीन वाचकांसाठी आहे, त्यामुळे तेथे शोधशब्दांची रास ओतणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. प्रसिद्धीनंतर कॅप्शन बदलता येते, पण स्लाइडच्या चित्रातील शब्द बदलता येत नाहीत. म्हणून स्लाइडचे शब्द आधी पक्के करावेत.

न सापडण्याची एक कारणमालिका लिपीशी निगडित आहे. कॅप्शन उठावदार दिसावे म्हणून काही जण संकेतस्थळांवरून नक्षीदार रोमन अक्षरे उतरवून घेतात. ती दिसायला ठळक वाटली, तरी युनिकोड या संगणकातील अक्षरांच्या सामाईक संकेतप्रणालीत त्यांचे संकेत साध्या अक्षरांहून वेगळे असतात, त्यामुळे साध्या अक्षरांत केलेल्या शोधाशी ती जुळतीलच असे नाही. जुन्या, युनिकोडपूर्व देवनागरी फॉन्टमध्ये रचलेला मजकूर स्लाइडवर नीट दिसतो, पण कॅप्शनमध्ये चिकटवताच निरर्थक चिन्हे उमटतात. शिवाय बरेच वाचक मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात. त्यांच्यासाठी pane pivali असे एखादे रूप कॅप्शनच्या शेवटी देता येते, मात्र प्रत्येक संभाव्य वर्णलेखनाची यादी देऊ नये.

हॅशटॅगचे काम आता पोस्टचा विषय सांगण्यापुरते उरले आहे. त्यांनी पोस्टचा प्रसार लक्षणीय वाढत नाही, असे इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी वारंवार सांगितले आहे. पूर्वी ३० हॅशटॅगची मुभा असतानाही इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये ३ ते ५ पुरेत, असे सुचवले होते. आपल्या उदाहरणात #कुंडीतीलरोपे, #पिवळीपाने आणि #मूळकूज हे तीन पुरतात. #निसर्ग हा खूप रुंद आहे : त्याखाली डोंगर, पक्षी आणि सूर्यास्त एकत्र येतात आणि पोस्टबद्दल काहीच कळत नाही. हॅशटॅगमध्ये मोकळी जागा किंवा जोडरेषा आली की तो तेथेच तुटतो, म्हणून #मूळ कूज असे लिहिल्यास फक्त #मूळ उरतो. लांब शब्द वाचता यावा यासाठी अधोरेषा चालते. हॅशटॅग ठरवण्यापूर्वी त्याखालच्या ताज्या पोस्ट उघडून पाहाव्यात. त्या भलत्याच विषयाच्या असतील, तर तो वगळावा.

काही दिवसांनी, आपल्याला फॉलो न करणाऱ्या खात्यावरून मुख्य शब्दसमूह शोधून पाहावा. पूर्ण प्रश्नाने पोस्ट येत असेल आणि ‘पिवळी पाने’ इतक्याने येत नसेल, तर त्या छोट्या शब्दावर स्पर्धा जास्त आहे असा तर्क करता येतो. दोन्हींनी येत नसेल, तर प्रथम पोस्ट सार्वजनिक आहे ना आणि शब्द युनिकोडमध्ये आहेत ना हे पाहावे. क्रम ठरवताना टाइप केलेल्या शब्दांबरोबरच शोधणाऱ्याचा आधीचा वापर आणि पोस्टला मिळालेला प्रतिसादही धरला जातो, त्यामुळे दोन फोनवर दोन वेगळे निकाल दिसणे स्वाभाविक आहे. एका वेळी कॅप्शनची पहिली ओळच बदलून पुन्हा काही दिवस थांबावे. हॅशटॅगही त्याच दिवशी बदलले, तर फरक कशामुळे पडला हे ओळखता येत नाही.