परदेशातून येणारी मासिकाची वर्गणी : चलन बदलण्याचा खर्च कोणाचा, कागदपत्रं कोणती

पुण्यातल्या एखाद्या मासिकाची डिजिटल वार्षिक वर्गणी २,४०० रुपये आहे आणि न्यू जर्सीतला वाचक ती कार्डाने भरतो. मासिकाच्या खात्यात २,३१५ रुपये जमा होतात. वाचकाच्या स्टेटमेंटवर मात्र २,४०० रुपयांपेक्षा थोडे जास्तच डॉलर कापलेले दिसतात. दोघांनाही वाटतं की समोरच्याने काहीतरी गोंधळ घातला. गोंधळ कोणाचाच नसतो. डॉलरचे रुपये होताना दर आणि शुल्क अशा दोन कात्र्या लागतात, आणि त्या कोणाच्या बाजूला लागाव्यात हे किंमत कोणत्या चलनात लावली त्यावर ठरतं. ते आधी ठरवावं, अर्ज नंतर भरावेत.

किंमत रुपयांत की डॉलरमध्ये?

किंमत रुपयांत ठेवली, तर चलन बदलायचं काम वाचकाची बँक करते. दर तिचा किंवा कार्ड कंपनीचा. शिवाय व्यवहार परदेशी व्यापाऱ्याशी झाला म्हणून अनेक बँका त्यावर वेगळं शुल्क लावतात, साधारण ३ टक्क्यांपर्यंत. मासिकाकडून फक्त गेटवेचं, म्हणजे कार्डाचे पैसे आपल्या खात्यात आणून देणाऱ्या कंपनीचं, शुल्क जातं. ते ३ टक्के धरलं, तर ७२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे सुमारे १३ रुपये, हातात २,३१५. दर वर गेला काय, खाली आला काय, हा आकडा हलत नाही.

किंमत डॉलरमध्ये ठेवली, तर वाचकाला आकडा ओळखीचा वाटतो, पण चलन बदलण्याचा खर्च आपल्या अंगावर येतो. समजा, बाजारात डॉलर ८५ रुपये आहे. सेवा देणारी कंपनी ४.४ टक्के अधिक ३० सेंट शुल्क घेते आणि रुपये देताना बाजारदरापेक्षा ४ टक्के कमी दर देते. ३० डॉलरची वर्गणी आली, तर शुल्काचे १.६२ डॉलर जातात. उरलेले २८.३८ डॉलर ८१.६० च्या दराने बदलले की २,३१६ रुपये होतात. बाजारदराने ३० डॉलरचे २,५५० झाले असते. म्हणजे २३४ रुपये, जवळजवळ ९ टक्के, वाटेतच गेले. यातला सुमारे चाळीस टक्के वाटा शुल्काच्या ओळीत दिसतही नाही. तो दरात लपलेला असतो. म्हणून कोणाच्याही दरपत्रकातलं नुसतं शुल्क पाहू नका. त्या दिवशी कोणता दर मिळाला, हे त्या दिवशीच्या बाजारदराशी ताडून पाहा.

डॉलरची किंमत ठरवायची असेल, तर उलट्या बाजूने हिशेब करा. हातात २,४०० रुपये यायला हवेत, तर त्यांना ८१.६० ने भागा. आलेल्या २९.४१ मध्ये ठरावीक ३० सेंट मिळवा आणि बेरजेला ०.९५६ ने भागा. उत्तर येतं ३१.०८. दर रोज हलतो, म्हणून ३२ डॉलर लावावेत आणि वर्षातून एकदाच बदलावेत.

थेट बँकेतून बँकेत वायरने पैसे मागवणं लहान वर्गणीला परवडत नाही. मधल्या बँका आपलं शुल्क मूळ रकमेतूनच कापू शकतात. इकडे चलन बदलताना जीएसटी लागतो आणि त्याची किमान रक्कम ४५ रुपये आहे, कारण २५,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारात बँकेच्या या सेवेचं मूल्य किमान २५० रुपये धरलं जातं आणि त्यावर १८ टक्के लागतात. एखादं महाराष्ट्र मंडळ पन्नास सभासदांची वर्गणी एकत्र पाठवणार असेल, तरच हा मार्ग धरावा.

पात्रता

भारतातली कोणतीही व्यक्ती, भागीदारी, कंपनी किंवा न्यास आपल्या सेवेची किंमत परदेशातून घेऊ शकतो. अडचण येते ती देणगीची. 'वर्गणी ३२ डॉलर आणि वर १०० डॉलर मदत म्हणून' असं कोणी प्रेमाने पाठवलं, तर ते शंभर डॉलर ही किंमत नव्हे. पाठवणारा अमेरिकन नागरिक असेल, मग तो मूळचा कोथरूडचा का असेना, तर ती परदेशी देणगी ठरते आणि तिला एफसीआरए कायदा लागतो. नोंदणीकृत वृत्तपत्राचा मालक, संपादक, मुद्रक किंवा प्रकाशक यांना तर अशी देणगी घ्यायला मनाईच आहे. वर्गणीच्या फॉर्मवर 'जास्तीची रक्कम' भरायचा रकाना परदेशी वाचकांसाठी ठेवूच नका.

दुसरा घोळ पुण्यात हमखास होतो. मुलगा सिएटलला, पैसे त्याच्या कार्डावरून, पण छापील अंक आईवडिलांना सदाशिव पेठेत. पैसे डॉलरमध्ये आले म्हणून ही निर्यात होत नाही, अंक देशातच राहिला. तो व्यवहार देशांतर्गत विक्रीत धरा.

कागदपत्रं आणि अर्ज

गेटवेकडे परदेशी कार्डांची सोय बहुधा वेगळी मागावी लागते. पॅन, चालू खातं आणि त्याचा रद्द केलेला चेक, शॉप अ‍ॅक्टची पावती किंवा उद्यम नोंदणी, असल्यास जीएसटी प्रमाणपत्र, नियतकालिकाचं नोंदणी प्रमाणपत्र, एवढं जवळ ठेवा. संकेतस्थळावर किंमत, पत्ता आणि परताव्याचे नियम स्पष्ट हवेत. अर्ज बऱ्याचदा इथेच परत येतो. पैसे कशासाठी आले हे सांगणारा उद्देश-कोड विचारला जाईल. वृत्तपत्रं आणि नियतकालिकांच्या वर्गणीसाठी तो `P0806` आहे. सॉफ्टवेअरचा कोड सवयीने टाकला, तर पुढे बँकेची कागदपत्रं आणि तुमचं बिल जुळत नाही.

निव्वळ डिजिटल वर्गणीसाठी आयात-निर्यात कोड बंधनकारक नाही. छापील अंक परदेशी पाठवत असाल, तर तो काढा.

जीएसटी नोंदणी असलेल्यांनी एलयूटी, म्हणजे हमीपत्र, जरूर भरावं. ते असलं की परदेशी वाचकाच्या डिजिटल वर्गणीवर कर न भरता बिल करता येतं. जीएसटी पोर्टलवर Services > User Services > Furnish Letter of Undertaking इथे फॉर्म `RFD-11` आहे. वर्ष निवडायचं, दोन साक्षीदारांची नावं, व्यवसाय आणि पत्ते भरायचे, डिजिटल सहीने किंवा ओटीपीने सादर करायचं. शुल्क नाही. हमीपत्र ३१ मार्चला संपतं, त्यामुळे नव्या वर्षाचं पहिलं परदेशी बिल करण्याआधी नवं भरावं. नोंदणीच नसेल, तर हा सगळा भाग सोडून द्या.

पैसे आल्यावर

रक्कम परदेशातून आली याचा पुरावा म्हणजे फिरा, अर्थात आवक रकमेची सूचना. ती बँकेकडून किंवा गेटवेकडून घ्या आणि दर महिन्याला उतरवून ठेवा. निर्यात सिद्ध करायला नुसती खात्यातली रुपयांची नोंद पुरत नाही. वाचकाने आपल्या इथल्या एनआरओ खात्यातून रुपये पाठवले, तर चलन बदलण्याचा खर्च शून्य, पण ते परकीय चलन धरलं जात नाही. जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान मासिकाला हाच मार्ग सगळ्यात स्वस्त पडतो.

वहीत खात्यात आलेली रक्कमच विक्री म्हणून लिहिण्याची पद्धत फार आहे, आणि ती चूक आहे. वरच्या उदाहरणात विक्री ३० डॉलर गुणिले बिलाच्या दिवसाचा दर, म्हणजे २,५५० रुपये. शुल्काचे सुमारे १३८ रुपये खर्चात आणि दरातला ९६ रुपयांचा फरक विनिमय तोट्यात लिहायचा. तेव्हा कुठे बिल, फिरा आणि बँक पासबुक एकमेकांना जुळतात.

परतावा देताना मूळ चलनातलीच रक्कम त्याच कार्डावर परत करा. किंमत रुपयांत असेल, तर २,४०० रुपये परत केले तरी वाचकाला त्या दिवसाच्या दराने वेगळे डॉलर मिळतील, आणि गेटवेचं शुल्क बहुधा आपल्याला परत मिळणार नाही. परताव्याच्या नियमांत हे दोन्ही मुद्दे मराठीत लिहून ठेवा.