पॉवर बँकेवरचे १०,००० आणि मागच्या बारीक अक्षरातले ६,००० : दोन्ही आकडे खरेच आहेत

"१०,००० ची पॉवर बँक, ५,००० चा फोन, तरी दोनदा चार्ज होत नाही, कंपनीने फसवलं." ऑनलाइन कुठल्याही पॉवर बँकेचे रिव्ह्यू उघडा, हे सापडणारच. आणि त्याखाली कोणीतरी शहाणा सांगतो की ४० टक्के लॉस होतो, तेही चूकच.

फोनच्या बॅटरीचे एमएएच सगळ्यांना माहीत असतात, त्यावर वेळ घालवत नाही. घोळ इथे आहे की एमएएच म्हणजे किती वीज साठली ते नाही, ते किती व्होल्टला मोजलेत हे कळल्याशिवाय तो आकडा अर्धवट आहे. पुढे मोठ्या अक्षरात छापलेले १०,००० हे आतल्या सेलचे, साधारण ३.७ व्होल्टला मोजलेले. पण यूएसबीतून बाहेर येतात ५ व्होल्ट, म्हणजे आतलं सर्किट व्होल्ट वाढवतं आणि व्होल्ट वाढले की त्याच विजेचे एमएएच कमी भरतात. म्हणून मागच्या बाजूला 'रेटेड कपॅसिटी' म्हणून ६,००० च्या आसपासचा आकडा असतो, शेजारी ५ व्होल्ट लिहिलेलं असतं, तो वाचा.

आता वॅट-अवरमध्ये, म्हणजे खरोखर साठलेल्या विजेत बघा. एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले १,०००. सेलमध्ये ३७ वॅट-अवर, बाहेर मिळतात ६,००० गुणिले ५ म्हणजे ३०. खरं नुकसान ७ चं, जेमतेम १९ टक्के, तेही सर्किट गरम होण्यात जातं (पॉवर बँक हाताला कोमट लागते ना, तेच ते). १०,००० चे ६,००० झाले त्यातला मोठा भाग नुसता व्होल्ट बदलल्याचा, वीज कुठे गेलेली नाही.

फोनची ५,००० ची बॅटरी साधारण ३.८५ व्होल्टची, म्हणजे १९ वॅट-अवर. केबल आणि फोनच्या चार्जिंग सर्किटमध्ये आणखी तीन-चार जातात असं धरलं तर ३० तले २६ पोचतात, म्हणजे एक पूर्ण चार्ज आणि वर साधारण एक तृतीयांश. चार्जिंग चालू असताना रील बघत बसलात तर त्याहून कमी, आणि वायरलेसवर ठेवलात तर आणखी कमी, मला तर पॉवर बँकेतून वायरलेस चार्जिंग म्हणजे शुद्ध उधळपट्टी वाटते.

म्हणून दोन पॉवर बँका शेजारी ठेवल्या तर पुढचा आकडा सोडा, रेटेड कपॅसिटी जुळवा, ती पण सारख्याच व्होल्टची आणि अँपियरची, कारण जास्त अँपियर ओढले की तीच बँक कमी देते. जिच्यावर रेटेड आकडा नाही आणि वॅट-अवरही नाहीत ती मी घेत नाही. स्टेशनबाहेर 'पन्नास हजार एमएएच' म्हणून विकतात ना, ती हातात घेऊन वजन बघा. आत '१८६५०' नावाचे गोल सेल असतील तर चांगला सेलही ३,५०० च्या आसपासच भरतो आणि ४५ ग्रॅमच्या वर असतो, म्हणजे किमान चौदा-पंधरा सेल हवेत, नुसते सेलच साडेसहाशे ग्रॅमच्या पुढे, आणि ती वस्तू तर शर्टाच्या खिशात मावते.